सहा पायऱ्यांचा नंबर

हॅलोताईंना आता गल्लीतली पोरं हॅलोआजी म्हणतात. ताईंची आजी झाली, पण हॅलो काही सुटला नाही. हे नाव पडलं तेव्हा त्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या, आणि सवय इतकी हाडीमाशी खिळलेली की घरी कुणी दार वाजवलं तरी तोंडातून आधी "हॅलो, नंबर?" असंच यायचं. दूधवाला बिचारा एकदा गोंधळून स्वतःच्या सायकलचा नंबर सांगून मोकळा झाला होता.

त्या काळात गावातली माणसं त्यांना चेहऱ्यानं नाही, नंबरानं ठाऊक होती. रस्त्यात कुणी नमस्कार केला तर त्या ओळख नसल्यासारख्या बघायच्या. तो माणूस बोलला की मात्र लगेच, "अगंबाई, तुम्ही तीनशे चाळीस! सर्दी बरी झाली का?" दवाखाना, अग्निशमन, दोन्ही वकील, तिन्ही डॉक्टर, लाकडाची वखार, सगळे नंबर जिभेवर. डोक्यावर हेडफोनची पट्टी बसून बसून केसांत एक भांग आपोआप पडला होता, तो अजून तसाच आहे.

आणि आता? आता भाच्याच्या मुलीनं त्यांना मोबाईल घेऊन दिलाय. त्यात नावं भरून दिलीत, नावावर बोट ठेवलं की फोन लागतो. परवा बँकेत कुणीतरी विचारलं, आजी, तुमच्या भावाचा नंबर सांगा. जिला एकेकाळी निम्मं गाव पाठ होतं, तिला सख्ख्या भावाचा नंबर येईना. घरी येऊन त्या फार चिडल्या, भाच्याच्या मुलीवर, मोबाईलवर आणि थोड्या स्वतःवर. चहा झाल्यावर म्हणाल्या, "पाठ असलेल्या नंबरानं काय होतं ते तुम्हाला नाही कळायचं." मग नेहमीप्रमाणे ती जत्रेची गोष्ट निघाली. घरात ती सगळ्यांना तोंडपाठ आहे, तरी कुणी उठून जात नाही.

तेव्हा गावात नुकतंच स्वयंचलित एक्सचेंज आलं होतं. गावातल्या गावात फोन करायला ऑपरेटर लागेनासा झाला, ज्यानं त्यानं आपली तबकडी फिरवावी. नंबर सगळे सहा आकडी झाले. ऑपरेटर बायका उरल्या त्या बाहेरगावच्या फोनपुरत्या. मग खात्यानं हॅलोताईंना कधी इकडे बसव, कधी तिकडे बसव असं सुरू केलं. त्या वर्षी जत्रेच्या मैदानावर त्यांना एक तंबू दिला. एक टेबल, एक स्टूल, एक काळा फोन, आणि लाईन एकच. जत्रेच्या जाहिरातीवर खाली तो नंबर छापलेला होता: चौकशी आणि हरवले-सापडले यासाठी.

शेजारी लाकडी मंच होता. तिथं माइकवाले काका बसायचे. हे एकेकाळी नाटकात भालदार-चोपदार असायचे, त्यामुळे हरवलेल्या छत्रीची घोषणासुद्धा ते राजा दरबारात येतोय अशा थाटात करायचे. आवाज खणखणीत, पण मोठ्या पाळण्याच्या बाजूला त्यांच्या भोंग्याचं कुणाला काही ऐकू जात नव्हतं. पाळणेवाल्यानं स्वतःचा भोंगा लावला होता आणि तो कुणाच्या बापाला ऐकत नव्हता.

दिवेलागणीच्या सुमाराला फुगेवाला एका पोराला बखोटीला धरून घेऊन आला. पोरगा असेल चार-साडेचार वर्षांचा. लाल स्वेटर, एका पायात बूट, दुसऱ्या पायात नुसता मोजा. रडून रडून थकलेला, आता नुसते हुंदके.

"पाळण्यापाशी एकटा उभा होता," फुगेवाला म्हणाला. "कुणाचा कोण, काही सांगत नाही. सांभाळा तुम्ही, माझे फुगे उघड्यावर आहेत." आणि तो गेला.

हॅलोताईंनी त्याला टेबलावर बसवलं, पाणी पाजलं, मोज्यातली माती झटकली. "बाळा, नाव काय तुझं?"

"सोन्या."

"आईचं नाव?"

"आई."

"आणि बाबांचं?"

"बाबा." मग जरा विचार करून, "बाबा ट्रक घेऊन लांब गेलेत."

माइकवाल्या काकांनी घसा साफ करून घोषणा केली, सोन्या नावाचा, लाल स्वेटरचा, गोऱ्या अंगाचा बालक आमच्यापाशी सुखरूप आहे हो! पाचच मिनिटांत एक बाई धापा टाकत आली. तिचा सोन्या तिच्या कडेवरच होता. "नाही, म्हटलं एकदा बघून घ्यावं," असं म्हणून तिनं कडेवरच्याला एक पापा दिला आणि गेली. काकांनी कपाळाला हात लावला. प्रत्येक घरात एक सोन्या असतोच, त्यानं कोण सापडणार?

हॅलोताईंनी पुन्हा विचारलं, घर कुठं आहे, घराजवळ काय आहे. पोरगा म्हणाला, झाड आहे. आणि मग एकदम ताठ बसून, समोर बघत, एका सुरात म्हणाला, "चार सात तीन आठ सहा."

ताईंच्या हातातला पेला खाली आला. "काय म्हणालास? परत म्हण."

"चार सात तीन आठ सहा."

आहाहा! त्यांना त्या पोराचा मुकाच घ्यावासा वाटला. कुठल्यातरी शहाण्या आईनं लेकराला फोन नंबर पाठ करून दिला होता. त्यांनी रिसीव्हर उचलला, तबकडीत बोट घातलं आणि तसंच थांबवलं. बोटांवर मोजलं. पाच.

"काका, पाचच आकडे आहेत हो. एक गळलाय."

"मग विचारा ना त्याला, कुठला गळला."

"बाळा, सातनंतर काय येतं?"

पोरगा गोंधळला. ओठ थरथरायला लागले. मग पुन्हा पहिल्यापासून, "चार सात तीन आठ सहा."

काकांना वाटलं पोर मठ्ठ आहे. हॅलोताईंना तसं वाटलं नाही. पाठ केलेलं मधूनच विचारलं की कुणाचंही असंच होतं. तुम्हाला एकदम विचारलं की 'प'च्या दोन अक्षरं आधी काय येतं, तर तुम्हीही मनातल्या मनात 'क'पासून सुरुवात कराल. या पोराला त्या आकड्यांची किंमत ठाऊक नव्हती, चार म्हणजे किती हेही बहुधा नसेल. त्याला फक्त ती चाल येत होती, आणि चाल पहिल्यापासूनच म्हणावी लागते.

"एकेक आकडा घालून बघू की," काका म्हणाले. "कुठंतरी लागेल."

"पाच आकड्यांत एक आकडा कुठंही घालायचा म्हटला तर पन्नासच्या वर नंबर होतात. तेवढ्या घरांना त्रास देऊ?"

पण ऑपरेटरच्या नोकरीत त्यांनी एक गोष्ट हजारदा पाहिली होती. घाईत असलेली, घाबरलेली माणसं नंबर सांगताना आकडा गाळतात तो बहुतेक वेळा जोडीतला. एकच आकडा लागोपाठ दोनदा आला की जिभेला वाटतं, हा तर झाला, आणि ती पुढं जाते. म्हणून तर त्या प्रत्येकाला उलट विचारायच्या, डबल आहे का? तेव्हा इथंही कुठलातरी आकडा डबल असणार असा त्यांचा अंदाज होता. पण पाचातला कुठला?

"कुणी शिकवलं हे तुला?"

"आईनं."

"कधी शिकवते? झोपताना?"

"जिन्यात," पोरगा म्हणाला. "रोज. वर जाताना."

ताईंनी काकांकडे पाहिलं, काकांनी ताईंकडे. मग काका आपल्या मंचावरून खाली उतरले. मंचाला चार लाकडी पायऱ्या होत्या. काकांनी पोराला पहिल्या पायरीपाशी उभं केलं, त्याचं बोट धरलं आणि दरबारी आवाज बाजूला ठेवून हळूच म्हणाले, "चला सोन्याशेठ, घरी जाऊया वर."

पोरानं बुटाचा पाय उचलला. "चार." मोज्याचा पाय. "सात." तिसऱ्या पायरीवर "तीन." आणि चौथ्या पायरीवर, अगदी ठामपणे, पाय आपटून, "तीन."

पुढं पायरीच नव्हती. तो मंचावर उभा राहून खाली बघत राहिला. काकांनी फळीवर पाय आपटला, पोरानंही आपटला. "आठ." आणखी एकदा. "सहा." मग त्यानं हात वर केला, कडी वाजवावी तसा, आणि तिथं दार नाही हे कळून पुन्हा भोकाड पसरलं.

हॅलोताईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तसं त्या कधी कुणाला सांगत नाहीत, पण गोष्ट सांगताना इथं त्यांचा आवाज अजूनही जरा ओला होतो. सहा पायऱ्यांचा जिना, वर दार, आणि रोज हात धरून वर नेणारी आई, एवढं सगळं त्यांना त्या सहा आकड्यांत दिसलं.

चार, सात, तीन, तीन, आठ, सहा. तबकडी दर आकड्याला सावकाश मागं येते, तेवढाही धीर त्यांना धरवेना. शेवटचा सहा परत आला, एक खटका झाला, आणि घंटी सुरू झाली. ट्रिंग ट्रिंग, थांबा. ट्रिंग ट्रिंग, थांबा. वाजत राहिली, वाजत राहिली. कुणी उचलला नाही.

आता ही घंटी आपल्याला ऐकू येते ती काही त्या घरातली नसते. ती एक्सचेंजमधून आपल्या कानात सोडलेली असते, एवढंच सांगायला की तिकडे बोलावणं गेलंय. घरात खरोखर वाजतेय का, कुणी ऐकतंय का, ते तुम्हाला कळत नाही. ताईंनी रिसीव्हर ठेवला, पुन्हा फिरवला. पुन्हा तेच.

आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. त्या मटकन स्टुलावर बसल्या.

"काका, घरात असणार कोण? बाप ट्रकवर. आई इथं जत्रेत, ह्याला शोधतेय. नंबर पाठ करून दिला, पण तो उचलायला घरात माणूस लागतो, हे तिच्या ध्यानातच आलं नाही."

काका पुन्हा मंचावर चढले. त्यांनी आणखी एकदा घोषणा केली, या वेळी बूट आणि मोजासुद्धा सांगितला. पाळणेवाल्याचा भोंगा आणखी जोरात ओरडत होता. काकांनी माणूस पाठवून पाळण्याखाली दोनदा हाका मारायला लावल्या. आई काही तिथं नव्हती. गर्दी पातळ व्हायला लागली. पोरगा टेबलावर बसून रिसीव्हरची वेटोळी वायर बोटाला गुंडाळत होता, आणि दर थोड्या वेळानं विचारत होता, "आई आली?"

"येईल हं," हॅलोताई म्हणायच्या. सगळा जन्म दुसऱ्यांना दुसऱ्यांशी जोडून देण्यात गेला होता, पण जोडून दिलं की बाजूला व्हायचं हा खात्याचा नियम. दोन्ही बाजू हॅलो म्हणाल्या की आपली कळ ओढायची, ऐकायचं नाही. लोकांची लग्नं ठरली, मयती कळल्या, भांडणं मिटली, आणि त्यांना फक्त पहिला हॅलो ऐकू आला. माणूस कधी समोर बसलं नाही. आज पहिल्यांदाच लाईनचं एक टोक त्यांच्या टेबलावर पाय हलवत बसलं होतं, आणि दुसरं लागत नव्हतं.

त्या अधूनमधून नंबर फिरवत राहिल्या. वेडी आशा, दुसरं काय. घंटी वाजायची आणि वाजतच राहायची.

आणि मग एकदा शेवटचा सहा परत आला, आणि घंटी आली नाही. टूं, टूं, टूं, टूं.

एंगेज.

काका वैतागले. "आता हे काय आणखी!"

हॅलोताई उठून उभ्या राहिल्या होत्या. "काका, एंगेज आहे! एंगेज!"

"म्हणजे लागत नाही ना?"

"अहो, म्हणजे घरात कुणीतरी आहे!"

फोनवर फोन चाललेले असले की एक्सचेंजसुद्धा असाच टूं टूं करून मोकळं होतं. पण ते मध्येच होतं, सगळे आकडे फिरवायच्या आधीच. हा आवाज शेवटच्या आकड्यानंतर आला होता. म्हणजे बोलावणं थेट त्या घरापर्यंत पोचलं होतं आणि तिथला रिसीव्हर उचललेला होता. मघाशी नव्हता, आता होता. उभ्या आयुष्यात ज्या आवाजापायी त्यांनी लोकांच्या शिव्या खाल्ल्या, तो आवाज त्यांना त्या दिवशी गाण्यासारखा गोड लागला.

त्यांनी ठेवला आणि लगेच फिरवला. एंगेज. पुन्हा ठेवला, फिरवला. एंगेज.

"कुणाशी एवढं बोलतेय ही बाई?" काका म्हणाले. "लेकरू हरवलंय आणि गप्पा कसल्या?"

ताईंचं बोट तबकडीतच राहिलं. खरंच, कुणाशी? लेकरू हरवलेली बाई धावत घरी जाते. का जाते? तर तिला आठवतं, पोराला नंबर येतो, तो कुणालातरी सांगेल, आणि घरात उचलायला कुणी नाही. घरी पोचते. फोनपाशी बसते. बसवेल का तिला? घरात जत्रेची जाहिरात पडलेली असेल, तिच्या खाली नंबर आहे. ती रिसीव्हर उचलते आणि फिरवते तो नंबर.

"आपला," ताई म्हणाल्या. "काका, ती आपल्यालाच फोन करतेय. आणि मी तिला फिरवत बसलेय, म्हणून तिला आपली लाईन एंगेज. ती फिरवतेय म्हणून मला तिची एंगेज. दोघी एकमेकींच्या दारात उभ्या आहोत!"

त्यांनी रिसीव्हर ठेवून दिला. ठेवला म्हणजे जरा जोरातच ठेवला.

"मग फिरवा ना लवकर!"

"नाही. आता कुणीच हात लावायचा नाही. दोघीतल्या एकीनं थांबायला पाहिजे."

"आणि ती पोलिसांना करत असली तर? आणि पुन्हा बाहेर पडली तर?"

हे ताईंनाही कळत होतं. अंदाज चुकला तर सापडलेलं माणूस हातचं जाणार होतं. पण फोन जोडायच्या नादात दोन्हीकडून रेटत राहिलं की काय होतं ते त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. त्या दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसल्या, हो, खरोखर मांडीखाली, कारण हातांचा त्यांना भरवसा नव्हता.

तेवढ्यात एक जाडजूड कापडवाला तंबूत शिरला. "एक अर्जंट फोन करायचाय."

"बंद आहे."

"बंद कसा? समोर तर दिसतोय."

"दिसतो तो बंदच आहे."

"ओ बाई, सार्वजनिक फोन आहे हा. तक्रार करीन."

"करा ना. फोनवरून सोडून कशीही करा," हॅलोताई म्हणाल्या. आवाज चढला होता, आणि मग एकदम बसला. "दादा, ह्या लेकराची आई ह्याच लाईनवर यायचीय. एवढं ऐका माझं."

कापडवाल्यानं पोराकडे पाहिलं. एक बूट, एक मोजा. तो तंबूच्या दारात जाऊन पाठ करून उभा राहिला आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या माणसाला म्हणाला, "फोन बंद आहे."

फोन गप्प होता. काळा, थंड, आपल्याच मस्तीत. काका मंचाच्या पायरीवर बसून मिशा कुरतडत होते. पोरगा पेंगायला लागला.

आणि फोन वाजला.

ताईंनी दुसऱ्या ठोक्याला उचलला. त्यांचं नेहमीचं "नंबर?"सुद्धा बाहेर पडेना. पलीकडून एक बाई नुसतं धापा टाकत होती. मग म्हणाली, "लाल स्वेटर... एक मुलगा... चार वर्षांचा..."

"आहे," हॅलोताई म्हणाल्या. "आहे हो ताई. माझ्या समोर बसलाय. हे घ्या, बोला."

आणि त्यांनी रिसीव्हर पोराच्या कानाला लावला. तो त्याच्या डोक्यापेक्षा मोठा वाटत होता. नियमाप्रमाणे त्यांनी आता बाजूला व्हायचं होतं. त्या झाल्या नाहीत. त्या जुन्या रिसीव्हरमधून आवाज फुटून बाहेर यायचा, सगळं ऐकू येत होतं.

"सोन्या? सोन्या, तू आहेस ना रे?"

पोरानं मान हलवली. जोरात, दोनदा.

"बाळा, घाबरलास का? बोल ना. आई आहे. तुला लागलं नाही ना कुठं?"

पोरानं नाही म्हणून मान हलवली. डोळे मोठे झाले होते, ओठ घट्ट मिटलेले. रिसीव्हर दोन्ही हातांनी धरलेला.

"सोन्या, बोल रे! अरे, आईवर रागावलास का? सोन्या!" पलीकडचा आवाज फाटत चालला. "बाई, तिथं आहे ना तो? खरंच आहे ना? का दुसराच कुणी आहे? तो बोलत का नाही?"

पोरगा मान हलवतच होता.

हॅलोताई वाकल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या कुणा दोघांच्या बोलण्यात मध्ये पडल्या. रिसीव्हरपाशी तोंड नेऊन म्हणाल्या, "ताई, तो मान हलवतोय."

पलीकडे सगळं शांत झालं. इतकं शांत की ताईंना वाटलं, लाईन तुटली. मग हसू का रडू कळू नये असा एक आवाज आला, आणि त्यातूनच ती म्हणाली, "त्याला सांगा, मीपण हलवतेय."

ताईंनी सांगितलं. पोरानं रिसीव्हर कानापासून काढला आणि त्याच्या भोकांत डोळा घालून बराच वेळ बघत राहिला.

आई रिक्षानं आली तेव्हा जत्रेतले निम्मे दिवे विझले होते, आणि ती त्याला उचलून घेऊन गेली. कापडवाल्यानं मग आपला अर्जंट फोन केला. हॅलोताईंनी त्याचा नंबर फिरवून दिला आणि या वेळी मात्र नियमाप्रमाणे तंबूबाहेर जाऊन उभ्या राहिल्या.